प्रति: रात्री तीनची पानं

"रात्री तीनला उठून मनातलं सगळं कागदावर उतरवते, तर झोप आणखीच उडते. आणि त्या पानांचं करायचं काय?"

भावना लिहिणं सोडून पुढची कामं लिहायला लागले तेव्हा मला फरक पडला. 'छताचं काय होणार' लिहिलं की मन तिथेच घिरट्या घालतं. 'सोमवारी सेक्रेटरींना गळतीचा फोटो पाठवणे' लिहिलं की सुटतं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८च्या प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं अशी यादी करणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. (तो प्रयोग झोपायच्या वेळचा, तीनचा नव्हे. म्हणून मी आता यादी दहालाच करते.)

पानं रात्री परत वाचत नाही. सकाळी चहानंतर कामाच्या ओळी डायरीत उतरवते, बाकीचं फाडून, भिजवून खताच्या कुंडीत. रद्दीत मात्र कधीच नाही. एकदा कोथरूडात भेळेच्या पुडीवर माझंच अक्षर निघालं होतं!