मदत हवी आहे : ‘वर्ध्याला’ की ‘वर्धेला’?

नमस्कार. मी नागपुरात सहावीच्या मुलांची मराठीची शिकवणी घेते. सध्या सामान्यरूप चालू आहे. गावांची नावं घेतली की मुलांना पटकन समजतं, म्हणून फळ्यावर अकोला, भंडारा, वर्धा लिहिलं. आकारान्त पुल्लिंगी नामाच्या शेवटचा ‘आ’ जाऊन ‘या’ येतो, तसं अकोल्याला, भंडाऱ्याला, वर्ध्याला.

एका मुलीनं वहीत लिहिलं, ‘वर्धेला पूर आला.’ मी लाल पेन उचललं आणि थांबले. ती नदीबद्दल लिहीत होती! नदी स्त्रीलिंगी, म्हणून शाळा-शाळेला, तसं वर्धा-वर्धेला. तिचं बरोबरच होतं. नाव तेच, पण लिंग बदललं की सामान्यरूप बदलतं, हे मुलांना त्या एका वाक्यातून कळलं.

अडचण पुढे आली. जुन्या लेखनात गावालासुद्धा ‘वर्धेला गेलो’ असं वाचायला मिळतं. मग मुलानं गावासाठी तसं लिहिलं तर चूक धरायची का? तुम्ही काय करता?

दुसरी शंका नागपूरचीच. ‘नागपुरात’ लिहिताना सामान्यरूप ‘नागपुरा’ होतं, म्हणून ‘पू’ ऱ्हस्व होतो, फूल-फुलात, तसंच. पण ‘नागपूरला’मध्ये नाव बदलतच नाही, म्हणून ‘पू’ दीर्घ राहतो. एवढं मुलांना सांगता येतं. ‘त’ लागताना बदल आणि ‘ला’ लागताना नाही, असं का, हे मात्र सहावीच्या मुलाला कळेल अशा भाषेत कसं सांगावं? वर्गात वापरून पाहिलेली उदाहरणं असतील तर नक्की लिहा, गुरुवारी पुन्हा तास आहे.