मदत हवी आहे: व्हिडिओ कॉलमध्ये केस आणि खांदे कुरतडल्यासारखे दिसतात

मेघा_प्रतापनगर: बॅकग्राउंडला पुस्तकांच्या कपाटाचा फोटो लावला. डोक्याभोवती करवतीने कापल्यासारखी कड येते, उजवा खांदा मधूनच गायब होतो. फोटो तीनदा बदलला. परवा मुलाखत आहे, लवकर सांगा.

कॅमेरावेडा: फोटो बदलून कड सुधारत नाही. अ‍ॅप कोणतं? खिडकी कुठे, मागे काय, कपडे कोणत्या रंगाचे?

संत्रानगरी: नेट स्लो असंल. माझंही असंच होत होतं, प्लॅन बदलला अन् थांबलं.

कॅमेरावेडा: भाऊ, नेट स्लो असलं की सगळंच चित्र धुरकट होतं. इथे फक्त कड फाटते आहे. माणूस वेगळा काढायचं काम तिच्याच लॅपटॉपवर होतं.

संत्रानगरी: मग माझं काहून थांबलं?

मेघा_प्रतापनगर: झूम. खिडकीत कूलर आहे, हवा लागावी म्हणून तिकडे पाठ करून बसते. कुर्ता पांढरा, भिंतही पांढरी. पण याचा काय संबंध?

कॅमेरावेडा: सगळा संबंध तिथेच आहे. मागून उजेड आला की चेहरा काळवंडतो आणि केसांची कड उजेडात विरते. पांढऱ्यावर पांढरा, म्हणून खांदा भिंतीचाच भाग समजला जातो. कूलरने उडणाऱ्या बटा तर दर क्षणी जागा बदलतात. खिडकीकडे तोंड करा, गडद रंगाचा कुर्ता घाला, भिंतीपासून तीन-चार फूट पुढे बसा.

धंतोलीकर: माझ्या बॅकग्राउंडवरचं संस्थेचं नाव उलटं दिसतं, त्यावर उपाय?

कॅमेरावेडा: काका, ते फक्त तुम्हाला उलटं दिसतं, समोरच्याला सरळच. `Mirror my video` बंद करा.

गांधीबागवाली: एवढं कशाला? हिरवं कापड टांगा अन् `I have a green screen` वर टिक करा. मी तेच वापरते.

कॅमेरावेडा: कापड ताणलेलं आणि त्यावर उजेड सारखा पडलेला असेल तरच. चुणीच्या सावलीत हिरवा रंग गडद होतो, तिथे डाग उरतात. कापडाला चिकटून बसलात तर केसांवर हिरवी झाक येते. परवापर्यंत हे जमवण्यापेक्षा बैठक बदला.

गांधीबागवाली: इस्त्री करून लावलं की काही होत नाही.

मेघा_प्रतापनगर: टेबल फिरवलं, मरून कुर्ता घातला. खांदा आता पूर्ण दिसतो! पण कूलर समोर आल्याने केस आणखी उडायला लागले. कूलर बंद करून केस बांधले, तर कड बरीच साफ झाली. डाव्या कानाजवळ मात्र चार-दोन मोकळे केस अजून झिलमिलतात, आणि त्यांच्यामधून मागची भिंत पांढरी चमकते.

कॅमेरावेडा: तेवढं राहणारच, सुटे केस झूमला नीट वेगळे काढता येत नाहीत. गडद कपाटाऐवजी फिकट भिंतीचा फोटो लावा, म्हणजे ती पांढरी चमक त्यातच मिसळेल.

मेघा_प्रतापनगर: लावून बघते. पण दुपारी तीनला मुलाखत आहे. अर्धा तास कूलरशिवाय कसं बसायचं बाप्पा?