‘मूव्ही टाइम’ म्हटलं की दिवे मंद, मालिका सुरू: सोय की नसती उठाठेव?

निवांत_रात्र: हॉलमध्ये दोन स्मार्ट बल्ब आहेत. टीव्ही स्मार्ट आहे, पण त्यातली ॲप्स रखडतात म्हणून मागे स्टिक लावलीय. स्पीकरला ‘मूव्ही टाइम’ म्हटलं की दिवे २० टक्क्यांवर, टीव्ही चालू आणि मालिका सुरू, असं रुटीन बांधलं. दिवे मंद होतात, टीव्ही लागतो, मालिका मात्र लागत नाही. मग अंधारात चाचपडत रिमोट शोधा. बायको म्हणते, काढून टाक हे खूळ. काढू?

खडूसकाका: काढा. रिमोटची तीन बटणं दाबायला एवढा लवाजमा कशाला? आमच्याकडे दिव्याला रेग्युलेटर आहे, फिरवला की मंद. त्याला पासवर्ड लागत नाही.

तारजोडणी: काढू नका, आधी एक करून बघा. टीव्ही आणि स्टिक चालू असताना तेच रुटीन म्हणा. मालिका लागली, तर दोष वेळेचा आहे. रुटीन म्हणजे यादी वाचत सुटणारा कारकून. टीव्ही उठला का, हे तो मागे वळून बघत नाही. स्टिक जागी होईपर्यंत ‘मालिका लाव’ हा हुकूम येऊन गेलेला असतो.
आणि सांगा, स्टिकला वीज कुठून दिलीय?

पुणेरी_पोहे: नेट स्लो आहे, दुसरं काही नाही. मोठा प्लॅन घ्या.

तारजोडणी: @पुणेरी_पोहे नेट मुळातच मरतुकडं असतं तर दिवेही रखडले असते ना? पण अर्धं बरोबर आहे तुमचं. स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटली की सिग्नल दबतो. एचडीएमआयची छोटी वायर लावून ती जरा बाहेर काढली तर फरक पडतो. प्लॅनचा संबंध नाही.

निवांत_रात्र: टीव्ही चालू असताना म्हटलं, मालिका लागली! वीज टीव्हीच्याच यूएसबीतून दिलीय. एक वायर वाचली म्हणून खूश होतो.

तारजोडणी: तिथंच गोम आहे. बरेच टीव्ही बंद झाले की त्यांच्या यूएसबीची वीज जाते. मग स्टिक झोपत नाही, पार बंद पडते आणि रोज शून्यातून उठते. तिचा स्वतःचा ॲडॅप्टर भिंतीच्या सॉकेटला लावा. मग स्टॉपवॉच धरून बघा, टीव्ही लागल्यापासून होम स्क्रीन यायला किती सेकंद लागतात.
मी ॲलेक्सावर करतो, तिथला क्रम सांगतो: आधी टीव्ही, मग दिवे, मग `Wait`, आणि शेवटी `Custom` मध्ये मालिका लावायचं वाक्य. ते वाक्य आधी तोंडाने म्हणून बघा. बोलून चालत नसेल तर लिहूनही चालणार नाही.

सायली_ठाणे: आमच्याकडे उलटंच. सेट टॉप बॉक्स असल्यामुळे रिमोटची नक्कल करणारा आयआर ब्लास्टर घेतला. आई आठची मालिका बघत होती, ह्यांनी रुटीन म्हटलं आणि टीव्ही बंद! त्या दिवसापासून स्पीकर कपाटात.

तारजोडणी: बॉक्सच्या रिमोटला चालू-बंदचं बटण एकच असतं. ब्लास्टर तेच दाबतो, आणि टीव्ही आधीच चालू आहे हे त्याला कळत नाही. रुटीनमधून ती पायरी काढून टीव्ही हाताने लावणं, एवढंच सुचतं. आईंचं मन वळवणं तुमच्याकडे.

खडूसकाका: आणि लोडशेडिंग? आमच्या पुतण्याकडे रात्री तीनला लाइट आली आणि हॉलमधले सगळे बल्ब ढणाढणा पेटले. हा म्हणे स्मार्टपणा.

तारजोडणी: काका, हे मान्य. काही बल्बांच्या ॲपमध्ये वीज आल्यावर बंदच राहायची सोय असते, काहींत नसते. घेण्याआधी बघायला हवं. शिवाय कुणी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं की तुमचं ‘मूव्ही टाइम’ अंधाराशीच बोलतं.

निवांत_रात्र: करून बघितलं. यूएसबीवर होम स्क्रीन यायला ५२ सेकंद लागत होते, ॲडॅप्टरवर ९. `Wait` १५ ठेवला, मालिका लागते. फक्त एका ॲपमध्ये ‘कोण बघतंय?’ विचारून थांबतं.

तारजोडणी: तो प्रोफाइलचा पडदा आहे. त्या ॲपमध्ये एकच प्रोफाइल ठेवलंत तर बहुधा विचारणार नाही. दोन हवीच असतील तर माझ्याकडे उपाय नाही, मीही तिथं रिमोटच दाबतो.

खडूसकाका: म्हणजे रिमोट लागतोच!

निवांत_रात्र: बायको म्हणते, माझं प्रोफाइल काढायचं नाही. तेव्हा रिमोट सोफ्याच्या हातावरच आहे, आणि दिवे मंद करायचं मात्र आता तीच स्पीकरला सांगते.