मदत हवी आहे: कुळागरात सापडलेला काळा, गुठळ्यागुठळ्यांचा दगड हेमॅटाइट आहे का? फोटो जोडलेत

पाटकरी
नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यात मामाचं कुळागर आहे, तिथं माडांना पाणी वळवायला चर मारत होतो तर कुदळ खण्णकन लागली आणि हा निघाला. मोठ्या चिकूएवढा आहे पण हातात घेतला की मनगट खाली जातं एवढा जड. वरून काळा कुळकुळीत, जणू कोणीतरी व्हार्निश मारलंय, आणि सगळीकडे गोल गोल फुगवटे, द्राक्षांचा घड दाबून बसवल्यासारखे. कुदळीच्या घावाने एक कपचा उडाला तो पण ठेवलाय.

नेटवर फोटो ताडून बघितले तर 'किडनी ओअर' म्हणून हेमॅटाइटचे जे फोटो येतात ते डिट्टो असेच दिसतात, आणि आपला भाग खाणींचा, म्हणजे हेमॅटाइटच ना? एका दुकानदाराला दाखवला तर तो म्हणाला ब्लॅक टुर्मलिन, ५०० रुपये देतो. मामी म्हणते शाळिग्राम. तिने तो धुऊन तुळशीवृंदावनात ठेवलाय, त्यामुळे फोडायचा बिडायचा असेल तर आधीच सांगतो, जमणार नाही.

बाबल_पेडणे
अरे सोपं आहे, फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघ. चिकटलं तर लोखंड आहे, म्हणजे हेमॅटाइट. आपल्याकडे दुसरं काय मिळणार, बार्ज भरभरून तेच तर गेलं मांडवीतून.

मीनल७९
मॅग्नेटवरून आठवलं, मी ऑनलाइन हेमॅटाइटचं ब्रेसलेट घेतलं होतं, रक्तदाब कमी होतो म्हणून. त्याचे मणी एकमेकांना फटाफट चिकटतात. रक्तदाब आहे तिथेच आहे. ते मग खरं हेमॅटाइट समजायचं का? पाटकरी, तुमचा दगड ब्रेसलेटसारखा ग्रे चमकतो की काळा? कारण माझं एकदम आरशासारखं आहे.

गेरूपिवडी
मीनलताई, ते मणी कारखान्यात बनवलेले असतात. नैसर्गिक हेमॅटाइट लोहचुंबकाला जवळपास भीकच घालत नाही. बाबलभाऊ, तुमचं अर्धं बरोबर. मॅग्नेट चटकन ओढला गेला तर मॅग्नेटाइटचा संशय घ्यायचा. आपल्या खाणीत असे खडे मिळतात, मूळचं मॅग्नेटाइट बदलून हेमॅटाइट झालेलं आणि पोटात थोडं जुनं शिल्लक, ते मॅग्नेटला हलके ओढले जातात. म्हणजे चिकटलं तरी शंभर टक्के काही कळत नाही आणि नाही चिकटलं तरी लोखंड नाही असं होत नाही.

पाटकरी, मी २०१२ला खाणी बंद पडेपर्यंत ग्रेड कंट्रोलला होतो, असे घड रोज पायाखाली यायचे. टुर्मलिन तर नाहीच. त्याचे लांब कांड्यांसारखे स्फटिक असतात, अंगावर उभ्या रेघा असतात, आणि ते एवढं जड लागत नाही.

पण हेमॅटाइट म्हणायची घाई करू नका. तुम्ही आकारावर गेलात आणि आकार इथे फसवतो. लोखंडाची दोन खनिजं हेमॅटाइट आणि गोएथाइट, आणि मँगनीजचं सायलोमेलेन, तिघंही असेच घड करतात, कारण दगडाच्या पोकळीत पाण्यातून थर थर बसत गेले की पृष्ठभाग गोलच होतो, मग आत कोण का असेना. रंगही तिघांचा काळा. आणि वरची व्हार्निशसारखी चमक तर गोएथाइटवर हमखास दिसते, हेमॅटाइटची सहसा पोलादी, करडेपणाकडे झुकणारी असते. सहसा म्हटलंय हं, नेहमी नाही.

तुमच्या फोटोत फ्लॅश आहे. प्रत्येक फुगवट्यावर पांढरा ठिपका आलाय, असा ठिपका डांबराच्या गोळ्यावर पण येतो. दुसऱ्या फोटोत दगड ओला आहे, ओलं सगळंच चमकतं. तिसरा पिवळ्या बल्बखाली काढलाय, त्यात तर पांढरी बशीही पिवळी दिसते, मग दगडाचा रंग काय सांगणार. दोन दिवस सुकू द्या, सकाळी सावलीत बाहेर ठेवा, शेजारी पांढरा कागद आणि एक नाणं, फ्लॅश बंद. आणि मुख्य म्हणजे त्या कपच्याची तुटलेली बाजू दाखवा, तिरक्या उजेडात. मामींच्या दगडाला हात लावू नका, कपचा पुरे.

अजून एक. घरातल्या कपाचं बूड बघा, खाली जी खरखरीत पांढरी कडा असते जिथे ग्लेझ नसतं, तिच्यावर कपचा जरा दाबून घासा. सोनार कस लावतो तसं. काव उमटते की पिवडी की काजळी, तेवढं सांगा.

रिवणकर
आमच्याकडे रिवणला असा दगड दाराशी पडलेला आहे, लहानपणापासून बघतोय. हात लावला की बोटं काळी होतात, साबणाने पण निघत नाही. आजोबा मँगनीजच्या खाणीवर होते, ते याला काळं सोनं म्हणायचे. तुमचं पण तेच असणार. मला विकायचा आहे, कोणी घेईल का?

गेरूपिवडी
रिवणकर, तुमचं मँगनीज असायची शक्यता खूप आहे, सांगे-केपे भाग त्याचाच. केमिस्टकडून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणा, जखम धुवायला मिळतं ते, आणि दोन थेंब टाका. मँगनीज असेल तर सोड्याच्या बाटलीसारखं फसफसतं. विकायचं म्हणाल तर एका दगडाला कोणी विचारत नाही, दाराशीच बरा आहे. आणि पाटकरींनीही टाकून बघायला हरकत नाही, कपच्यावर.

पाटकरी
उशीर झाला, पाऊस थांबतच नव्हता. सगळं केलं, क्रमाने सांगतो.

मॅग्नेट: काही नाही. बारीक मॅग्नेट दोऱ्याला टांगून जवळ नेला तरी हलला नाही.

पेरॉक्साइड: एक दोन बुडबुडे आले, रिवणकर म्हणतात तशी बोटं काळी होत नाहीत.

कपावरची रेघ: इथे गंमत आहे. तुटलेल्या बाजूने घासलं तर चक्क पिवडी, पिवळट तपकिरी, मोहरी वाटल्यासारखा रंग. पण वरच्या काळ्या चमकत्या बाजूने घासलं तर लालसर आली! मामीचा चांगला कप होता, ते वेगळं.

तुटलेल्या बाजूचा नवीन फोटो टाकलाय. आतून काळा नाही, तपकिरी आहे, आणि बारीक बारीक तंतू एका बिंदूपासून पंख्यासारखे बाहेर फुगवट्याकडे गेलेत, उजेडात फिरवलं की रेशमी कापडासारखी झाक सरकते. मला वाटलं होतं आत पण काळाच असेल.

बाबल_पेडणे
लाल आली ना? मग हेमॅटाइटच. हेमॅटाइटची रेघ लाल हे मला पण माहीत आहे.

गेरूपिवडी
बाबलभाऊ, लाल रेघ हेमॅटाइटची हे खरं, पण रेघ कुठून काढली ते बघा. सालीवरून काढलेली रेघ सालीचीच असते. चिऱ्याच्या लाल मातीत वर्षानुवर्षं पडलेला दगड, फटीत ती माती बसलेली असणार, घासली की कपावर तीच उतरते. आतल्या ताज्या भागाची रेघ धरायची, आणि ती पिवडी आहे. पेरॉक्साइडनेही काही केलं नाही, रेघ काळी नाही, म्हणजे मँगनीज बाहेर गेलं. एक दोन बुडबुडे लोखंडाच्या दगडावरही येतात.

माझा कौल गोएथाइट. आतले पंख्यासारखे तंतू आणि रेशमी झाक हे त्याला शोभतं. तंतू हेमॅटाइटच्या घडातही असतात, म्हणून एकट्या तंतूंवर मी हे म्हटलं नसतं, पिवळ्या रेघेमुळे म्हणतोय. वजन करून बघा, मग खात्री वाढेल. किचनच्या काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून शून्य करा, दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला टेकवू नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. कोरडं वजन भागिले ते.

मृण्मयी_फोंडा
गोव्यात सापडतो म्हणून गोएथाइट का? 😄

गेरूपिवडी
नाही हो, जर्मन कवी गटे, त्याच्या नावावरून १८०६ साली ठेवलंय. त्याला दगड गोळा करायचा नाद होता. पण आपल्याकडे चिऱ्यात एवढं पडलंय की तुमचाही दावा चालून जाईल.

पाटकरी
मामीच्या परवानगीने अंघोळ घालतोय असं सांगून केलं. कोरडा ४१८ ग्रॅम. पाण्यात बुडवल्यावर आधी बुडबुडे निघत राहिले, ते थांबेपर्यंत थांबलो, मग काटा १०६. म्हणजे ३.९४.

गेरूपिवडी
बरोबर बसतंय. घट्ट हेमॅटाइट असता तर ५ च्या वर गेला असता, तुमच्या काट्यावर १०६च्या जागी ८०च्या आसपास दिसलं असतं. गोएथाइट साधारण ३.३ ते ४.३. बुडबुडे निघाले म्हणजे आत पोकळ्या आहेत, त्या पूर्ण भरल्या नसतील तर आकडा खरा त्याहून थोडा जास्त असेल, पण ३.९ वरून ५.२ होत नाही.

हवं तर एक शेवटचं. कपच्याची पिवळी पूड चिमूटभर जुन्या स्टीलच्या चमच्यात घ्या, गॅसवर चांगली तापू द्या. पूडच घ्या, खडा नको, आतलं पाणी वाफ होऊन टाणकन उडतो, डोळ्यात जाईल.

पाटकरी
केलं. पाचेक मिनिटांत पिवळी पूड कडेकडेने लाल व्हायला लागली, शेवटी पूर्ण गेरू! देवळाच्या भिंतीवर कावीची जी नक्षी असते ना, थेट तो रंग. मामी बघत होती, म्हणाली याला जरा चुन्यात घालून बघ.

गेरूपिवडी
झालं मग. आतलं पाणी गेलं आणि त्याचं हेमॅटाइट झालं. आधीच हेमॅटाइट असतं तर पूड मुळात लालच निघाली असती.

मृण्मयी_फोंडा
एक शंका. मी एमएस्सीला आहे, आमचे सर म्हणतात की बाहेरचा थर उन्हाने सुकून खरोखरच हेमॅटाइट होऊ शकतो. मग लाल रेघ नुसती माती आहे हे कशावरून? पाटकरींनी धुऊन घासलं होतं का? आणि पिवळी पूड लाल झाली म्हणजे पाणी असलेलं लोहाचं खनिज एवढंच सिद्ध होतं, निव्वळ गोएथाइट की लिमोनाइटची खिचडी ते एक्सआरडी, म्हणजे प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण तपासणीशिवाय नाही सांगता येणार.

गेरूपिवडी
खिचडीचं मान्य. तंतू एवढे नीट आहेत म्हणून मी गोएथाइट म्हणतो, पण पैज लावणार नाही. सालीचंही तुमचं म्हणणं शक्य आहे, मी मातीवर जरा लवकर उडी मारली. पाटकरी, कपच्याची काळी बाजू जुन्या टूथब्रशने धुऊन, सुकवून परत रेघ काढा. तरीही लाल आली तर दहा पटीचं भिंग घेऊन कडेला बघा, काळ्या सालीखाली लाल पातळ थर वेगळा दिसतो का, की तंतू थेट टोकापर्यंत जातात.

पाटकरी
भिंग वाळपईच्या मित्राकडे आहे, आता चवथीनंतरच. कप मात्र नवीन आणावा लागेल. दुकानदाराला टुर्मलिन नाही म्हणून सांगितलं तर म्हणाला ३०० देतो.

मीनल७९
म्हणजे माझं ब्रेसलेट नक्की कशाचं आहे?