मदत हवी आहे: फ्रँचायझी प्रपोजलमध्ये रॉयल्टी कशावर धरायची?

नमस्कार मंडळी, नाशिकला आमचं मिसळीचं दुकान आहे, आता दोन जण फ्रँचायझी मागतायत म्हणून प्रपोजल बनवतोय. एका आउटलेटचा महिन्याचा सेल जीएसटी सोडून 6 लाख धरला, त्यात माल 2.10 लाख, पगार 1.20, भाडं 70 हजार, लाइट-गॅस-पॅकिंग 60 हजार, म्हणजे उरले 1.40 लाख. त्यातून 6 टक्के रॉयल्टी 36 हजार गेली की 1.04 लाख राहतात, 18 लाखांची गुंतवणूक दीड वर्षात वसूल, असं मी लिहूनही टाकलं होतं.

पण काल वहीत परत मांडलं तर दोन गोष्टी सुटलेल्या. रॉयल्टीवर 18 टक्के जीएसटी म्हणजे 6,480, आणि हॉटेल 5 टक्केवालं असल्याने त्याचं क्रेडिट मिळत नाही, तो सरळ खर्चच. शिवाय 2 लाखांचा सेल ऑनलाइन धरलाय, त्यावर 25 टक्के कमिशन म्हणजे 50 हजार. हातात साडेसत्तेचाळीस हजार, वसुलीला तीन वर्षांच्या वर! समोरचा माणूस घरातले पैसे घालणार, त्याला खोटा आकडा दाखवायचा नाही.

ज्यांनी फ्रँचायझी दिलीय त्यांनी सांगा, रॉयल्टी कमिशन वजा करून उरलेल्या सेलवर घेता का पूर्ण बिलावर? आणि सेल 4 लाखांच्या खाली असेल तर रॉयल्टी माफ, असं करारात कसं लिहायचं?