शब्दचर्चा: ‘वार्षिक परतावा’ म्हणजे कुठला आकडा?

मृदुला: म्युच्युअल फंडाच्या संदर्भात ‘वार्षिक परतावा’ याचा नेमका अर्थ काय घ्यायचा? माझ्यासमोर दोन स्क्रीनशॉट आहेत. एकात 5 एप्रिल 2022 ते 5 मार्च 2025 असे दरमहा 5,000 रुपयांचे 36 हप्ते. दुसऱ्यात 4 एप्रिल 2025 चं विवरण, `Current Value` 2,16,000. भरले 1,80,000, म्हणजे नफा 20 टक्के. तीनाने भागून वर्षाला साधारण पावणेसात म्हणायचं का?

श्रीरंग: नुसतं भागून चालत नाही, चक्रवाढ धरावी लागते. 1.2 चं घनमूळ 1.063. सव्वासहा टक्के.

वासंती: श्रीरंग, सगळे पैसे पहिल्याच दिवशी भरले असते तर तुमचं उत्तर बरोबर होतं. इथे पहिला हप्ता 36 महिने गुंतलाय आणि शेवटचा जेमतेम एक. सरासरी काढली तर प्रत्येक रुपया साडेअठरा महिनेच गुंतलेला होता. तेवढ्यात 20 टक्के वाढ झाली, तर वर्षाचा दर 12 च्या पुढेच असणार. मृदुला, एक्सेलमध्ये दुसऱ्या ओळीपासून एका रकान्यात तारखा, शेजारी रकमा, 38 व्या ओळीत विवरणाची तारीख आणि मूल्य घाल. मग वेगवेगळ्या तारखांच्या रकमांवरून वर्षाचा दर काढणारं हे सूत्र:

```
=XIRR(B2:B38, A2:A38)
```

मृदुला: `#NUM!` येतंय.

वासंती: हप्ते उणे चिन्हाने घाल. पैसे खिशातून गेले ते उणे, आज हाती येऊ शकतात ते अधिक.

मृदुला: आलं, 0.122. म्हणजे 12.2 टक्के! पण विवरणात गुंतवणूक 1,79,991 दिसते. नऊ रुपये कुठे गेले?

वासंती: ती मुद्रांक शुल्काची कपात. जुलै 2020 पासून खरेदीवर 0.005 टक्के लागतं, दर हप्त्याला 25 पैसे. तू 5,000 च धर, कारण खात्यातून तेवढे गेलेत. उत्तर हलत नाही. हप्ता परत गेल्याची एखादी ओळ यादीत आहे का, ते मात्र नीट बघ. तो चुकून धरला गेला तर दर कमी दिसेल.

गजानन: माझे चारच हप्ते झालेत, प्रत्येकी 5,000. मूल्य 20,800. ॲपवर XIRR 20 टक्क्यांच्या वर दाखवतंय. म्हणजे वर्षाअखेर तेवढे मिळतील ना?

वासंती: नाही हो. तुम्हाला प्रत्यक्षात मिळालेत 800 रुपये, म्हणजे 4 टक्के. याच वेगाने वर्षभर चाललं तर किती, हे तो आकडा सांगतो. पुढच्या महिन्यात बाजार चार-पाच टक्के उतरला तरी तो उणे होईल. वर्ष भरेपर्यंत मी तरी तो बघत नाही.

श्रीरंग: मग ‘वार्षिक’ हा शब्दच दिशाभूल करतो. वर्षभरात मिळालेला असा त्याचा सरळ अर्थ होतो. ‘वार्षिकीकृत’ लिहायला हवं.

मृदुला: ते बरोबर आहे, पण माझी आई तो शब्द वाचून पान उलटेल. ‘वार्षिक सरासरी दर’?

श्रीरंग: ‘सरासरी’ म्हटलं की लोक पुन्हा तीनाने भागणार.

वासंती: मी ‘वर्षाच्या हिशेबाने परतावा’ म्हणते. छापायला लांब पडतं, हे खरं.