मदत हवी आहे: कच्चं शेण घातलेल्या कुंडीतला पालक खावा का?

गच्चीवर पालक लावलाय. तीन आठवड्यांपूर्वी मी शहाणपणा करून त्यात ओलं शेण घातलं, कुजलेलं नाही, अगदी ताजं, वास येत होता तरी घातलं 🙈 आता पानं मस्त मोठी झालीत पण पावसाने माती उडून खालच्या पानांच्या मागे चिकटलीय. नंतर वाचलं की कच्चं शेण घातलं तर मातीला टेकणारी भाजी काढेपर्यंत १२० दिवस जाऊ द्यायचे, कारण त्यात ई. कोलाय सारखे जंतू असू शकतात.

धुताना मी देठ कापून एकेक पान सुटं करते, मोठ्या पातेल्यात बुडवून हलवते आणि पानं वर उचलून घेते, पाणी ओतत नाही नाहीतर खाली बसलेली माती परत पानांवर येते, मग नळाखाली धरते. तिसऱ्या पाण्यालाही तळाशी रेती दिसतेच! आणि धुवून जंतू कमी होतात, सगळे जात नाहीत, म्हणून सॅलड तर बंदच केलंय.

पण नीट शिजवून खाल्ला तर चालेल ना? की उपटूनच टाकू? आणि त्याच कुंडीत पुढे कोथिंबीर लावायची तर किती थांबू, कोणी केलंय का असं?